भाषापाठाच्या व्हिडिओची संहिता

भाषापाठाच्या व्हिडिओची संहिता : परकी भाषा बोलायला शिकवणाऱ्या व्हिडिओचा सेकंदासेकंदाने लिहिलेला आराखडा. शिक्षकाने कोणते वाक्य किती वेळा म्हणायचे, पडद्यावर कोणता मजकूर कधी आणायचा आणि शिकणाऱ्याला बोलण्यासाठी किती वेळ मोकळा सोडायचा, हे तीत ठरवलेले असते. नाटकाची किंवा माहितीपटाची संहिता बोलणाऱ्यासाठी असते. ही संहिता पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या तोंडासाठी असते, आणि त्याचे संवाद तीत विरामांच्या रूपाने लिहिलेले असतात. म्हणून विराम म्हणजे पाठाची प्रत्यक्ष कृती होय. तो शिकायचे वाक्य पडद्यावर दिसण्याच्या आधी येतो की नंतर, यावर पाठ बोलण्याचा होतो की वाचनाचा, हे ठरते.

पूर्वपीठिका : ही बांधणी व्हिडिओहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सैनिकांना परक्या भाषा झपाट्याने शिकवण्यासाठी ऐका-आणि-म्हणा पद्धतीचा मोठा वापर केला. पुढे टेपरेकॉर्डर आल्यावर भाषा-प्रयोगशाळांत चार टप्प्यांचा सराव रूढ झाला : सूचना, शिकणाऱ्याच्या उत्तरासाठी विराम, बरोबर उत्तर आणि ते पुन्हा म्हणण्यासाठी दुसरा विराम. आजच्या बहुतेक संहितांचा सांगाडा हाच आहे. पॉल पिम्सलर या अमेरिकी भाषाशिक्षणतज्ज्ञाने १९६७ मध्ये आठवणीचे वेळापत्रक मांडले. त्यात नवा शब्द ५ सेकंदांनी, मग २५ सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, मग १० मिनिटांनी अशा साधारण पाचपट वाढत जाणाऱ्या अंतराने पुन्हा विचारायचा असतो. अनुवादाच्या बाबतीत अगदी टोकाला येल विद्यापीठातील पिएर काप्रेत्झ यांची १९८७ ची ५२ भागांची ‘फ्रेंच इन ॲक्शन’ ही मालिका आहे. तिने इंग्रजी अनुवाद टाळून अर्थ चित्रातून आणि प्रसंगातून उमजू दिला. अनुवाद ठेवणाऱ्या संहितेपुढे मात्र तो कधी दाखवायचा, हा प्रश्न राहतोच.

वाक्याची निवड : हिंदी भाषकाला मराठी शिकवणारा पाठ उदाहरण म्हणून घेऊ. मुंबईत नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात लागणारे वाक्य आहे, ‘मला दादरला जायचं आहे.’ हे वाक्य पहिल्या पाठासाठी चांगले असण्याचे एक कारण चटकन लक्षात येत नाही. पुरुष असो वा स्त्री, दोघेही ते जसेच्या तसे म्हणतात. ‘मी दादरला जातो’ हे वाक्य निवडले, तर समोर बसलेल्या बाईला विरामात चुकीचे वाक्य म्हणावे लागते, नाही तर पडद्यावर ‘जातो/जाते’ अशी जोडी द्यावी लागते आणि उत्तरही दोन आवाजांत ध्वनिमुद्रित करावे लागते. तेही करावे, पण तिसऱ्या-चौथ्या पाठात.

मागून जोडणी : लांब वाक्य सुरुवातीपासून तोडून शिकवले, तर ‘मला… मला दादरला…’ असे अधांतरी तुकडे तोंडात बसतात आणि प्रत्येक तुकड्याचा सूर वर टांगलेला राहतो. म्हणून वाक्य शेवटाकडून जोडत आणतात. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने सुरुवात ‘आहे’पासून होते. प्रत्येक तुकडा वाक्यासारखाच संपतो, त्यामुळे शेवटी उतरणारा सूर पहिल्यापासून बरोबर पडतो. या पाठाच्या संहितेतील एक तुकडा पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

१:०० — शिक्षिका : मला दादरला जायचं आहे. (पडदा : बसच्या दारात उभी मुलगी व कंडक्टर, मजकूर नाही.)
१:०२ — पडद्यावर खाली : मुझे दादर जाना है।
१:०५ — शिक्षिका : आहे. विराम दीड सेकंद.
१:०७ — शिक्षिका : जायचं आहे. विराम २ सेकंद.
१:१० — शिक्षिका : दादरला जायचं आहे. विराम अडीच सेकंद.
१:१४ — शिक्षिका : मला दादरला जायचं आहे. विराम ३ सेकंद. हिंदी ओळ जाते.
१:१९ — निवेदक : कहिए, आपको दादर जाना है। विराम ६ सेकंद. (पडद्यावर फक्त बसची दादरची पाटी.)
१:२७ — शिक्षिका : मला दादरला जायचं आहे.
१:२९ — पडद्यावर वर : मला दादरला जायचं आहे. विराम ३ सेकंद.

या ३२ सेकंदांपैकी १८ सेकंद शिकणाऱ्याचे आहेत. संहिता लिहिणाऱ्याला ही बेरीज पहिल्यांदा करताना धक्का बसतो, पण प्रमाण याच्या आसपास असावे. पुढच्या फेऱ्यांत हेच वाक्य साधारण १:५५ ला आणि मग ४:०० च्या सुमारास, मधे दुसरी वाक्ये होऊन गेल्यावर विचारायचे. त्यापुढची १० मिनिटांची फेरी आठ मिनिटांच्या व्हिडिओत मावत नाही. ती दुसऱ्या पाठाच्या अगदी सुरुवातीला घालतात. अनेक मालिकांत हाच दुवा सुटलेला असतो आणि प्रत्येक पाठ मागचा पाठ झालाच नसल्यासारखा सुरू होतो.

विरामाची लांबी : सगळे विराम सारख्या लांबीचे ठेवणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. ऐकलेले लगेच म्हणायचे असेल, तर वाक्य म्हणायला लागणाऱ्या वेळाच्या दीडपट वेळ बहुधा पुरतो. लहान तुकड्यांना, तोंड उघडायलाच वेळ लागत असल्याने, त्याहून थोडे अधिक द्यावे लागते. हिंदी सूचना ऐकून मराठी वाक्य स्वतः आठवायचे असेल, तर आठवण्यासाठी साधारण दोन सेकंद आणि सावकाश म्हणण्यासाठी वाक्याच्या दुप्पट वेळ असा ढोबळ हिशेब धरतात. दोन सेकंदांच्या वाक्याला त्यामुळे सहा सेकंद येतात. मात्र हा अंदाज लेखकाने स्वतःच्या तोंडाने तपासू नये. ज्याची ती मायबोली आहे, त्याला वाक्य आठवावे लागतच नाही. खऱ्या नवशिक्याला समोर बसवून पाहावे. त्याचे वाक्य उत्तराच्या आवाजाखाली दडपले जात असेल किंवा त्याचा हात व्हिडिओ थांबवायला जात असेल, तर विराम तोकडा आहे. बोलून झाल्यावर तो इकडेतिकडे पाहू लागला, तर लांब आहे.

पडद्यावरील मजकूर : शिकणाऱ्याचे डोळे कानाआधी धावतात. आठवण्याच्या विरामात मराठी वाक्य पडद्यावर असेल, तर तो ते वाचून दाखवतो. आपण बोललो असे त्याला वाटते, पण आठवण्याची कसरत झालेलीच नसते. म्हणून वरच्या तुकड्यात मराठी ओळ १:२९ ला, म्हणजे उत्तर ऐकून झाल्यावर येते. तपासायची सोपी रीत अशी : व्हिडिओचा आवाज बंद करून चालवावा. तरीही सगळी उत्तरे देता आली, तर तो वाचनाचा पाठ आहे.

हिंदी भाषकाच्या बाबतीत धोका दुप्पट आहे, कारण लिपी एकच. त्याला अक्षरे येतात, म्हणून तो ती हिंदीच्या सवयीने वाचतो. ‘जायचं’ या एका शब्दात तीन ठिकाणी तो फसतो. मराठीत इथला ज दंततालव्य आहे, ‘जीव’मधल्यासारखा तालव्य नाही. च देखील दंततालव्य, म्हणजे ‘चारा’मधला आहे, ‘चार’मधला नव्हे. शिवाय शेवटचा अनुस्वार नाकातून उच्चारायचा नसून आधीचा अ लांबवण्याची खूण आहे. यांपैकी काहीच अक्षरांत दिसत नाही. अक्षर आधी दाखवले, तर हिंदी उच्चार मनात पक्का होतो आणि नंतरचा आवाज त्याला हलवू शकत नाही. आवाज आधी आला, तर पुढे दिसणारे अक्षर त्या आवाजाची आठवण करून देते. पुस्तकी वळणाने पडद्यावर ‘जायचे’ लिहिणे तर फारच घातक, कारण ‘चे’मधला च तालव्य आहे. ऐकू येणारे एक आणि दिसणारे दुसरे, असे होते.

लिपी एक असल्यामुळे दोन्ही भाषांना ठरलेली जागा आणि ठरलेला रंग द्यावा लागतो. मराठी नेहमी वर, हिंदी नेहमी खाली, आणि मालिकाभर त्यात बदल नाही. अनुवाद शब्दाला शब्द ठेवून न करता, हिंदी माणूस त्या प्रसंगी जे म्हणेल तेच द्यावे. ‘दादर’ला हिंदीत प्रत्यय नाही आणि मराठीत ‘ला’ आहे, हा फरक समजावून सांगण्याऐवजी विरामातच उघडा पडू द्यावा. पहिल्या वेळी बहुतेक जण ‘मला दादर जायचं आहे’ म्हणतात आणि लगेच कानावर आलेला ‘ला’ त्यांना टोचतो.

शब्दबदलाचा सराव : वाक्य बसले की गावाचे नाव बदलत जायचे. इथे क्रम चुकला तर पाठ बिघडतो. दादरला, अंधेरीला, परळला ही नावे आधी घ्यावीत, कारण प्रत्यय नुसता चिकटतो. ठाणे, कुर्ला, वडाळा नंतर घ्यावीत, कारण तिथे सामान्यरूप होते : ठाण्याला, कुर्ल्याला, वडाळ्याला. पहिल्या तीन नावांनंतर लगेच ‘ठाणे’ विचारून विराम दिला, तर शिकणारा हमखास ‘ठाणेला’ म्हणणार, आणि त्यात त्याची चूक नाही. त्याला दिलेल्या नमुन्यावरून तेच निघते. म्हणून ‘ठाण्याला’ आधी दोनदा ऐकवावे, मग ‘कुर्ला’ विचारावे. तो ‘कुर्ल्याला’ म्हणाला, तर नियम न सांगता पोचला.

ध्वनिमुद्रण व संकलन : संहितेत विराम ही स्वतंत्र ओळ असावी आणि तिच्यापुढे सेकंद लिहिलेले असावेत. नुसती मोकळी जागा सोडली, तर संकलक ती शांतता कापून टाकतो. बोलण्यामधली रिकामी जागा काढणे हे त्याचे रोजचेच काम असते आणि ते आपोआप करणारी सोयही संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. विरामात आवाज पूर्ण शून्य ठेवला, तर व्हिडिओ अडकला असे वाटते. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या खोलीतील मंद शांतता त्याखाली अंथरतात आणि पडद्यावर हळूहळू आखूड होणारी पट्टी दाखवतात. शिक्षिका दिसत असेल, तर तिने विरामात ओठ मिटून, ऐकत असल्यासारखे समोर पाहावे. तिने ओठ हलवले की शिकणारा त्यांवरून वाक्य उचलतो.

मर्यादा : हा पाठ शिकणाऱ्याला ऐकू शकत नाही. ‘जायचं’चा च चुकला, तर ते त्याचे त्यालाच ओळखावे लागते, आणि ज्या कानाने दोन च कधी वेगळे ऐकले नाहीत त्याला ते कठीण जाते. उत्तरानंतरचा दुसरा विराम काही अंशी यासाठीच असतो. स्वतःचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून शिक्षिकेच्या आवाजाशेजारी ऐकणे अधिक उपयोगी. दुसरी मर्यादा वेगाची आहे. संहितेतले ‘जायचं आहे’ रस्त्यावर ‘जायचंय’ होते. शिकणाऱ्याने सुटे रूप बोलले तरी कोणाचे अडत नाही, पण जोडलेले रूप त्याला ऐकून कळले पाहिजे. म्हणून पाठाच्या शेवटी विरामाशिवाय, नेहमीच्या वेगाचा एक छोटा प्रसंग घालतात. कंडक्टर विचारतो, ‘कुठे जायचंय?’ त्यानंतर एकच विराम येतो, पडद्यावर एकही अक्षर नसते, आणि शिकणाऱ्याने ज्या गावाला जायचे असेल त्याचे नाव घ्यायचे असते.