सिग्नलवर सरासरी किती वेळ जातो? शून्यावर साचलेल्या संभाव्यतेचं गणित

रोजच्या रस्त्यावर एकच सिग्नल आहे असं समजा. त्याचं एक चक्र ९० सेकंदांचं आहे: ६० सेकंद थांबायचं (पिवळा दिवा यातच धरला आहे) आणि ३० सेकंद हिरवा. तुम्ही गाडी घेऊन तिथे पोहोचता. कधी हिरवा मिळतो आणि थेट निघून जाता, म्हणजे थांबण्याचा वेळ अगदी ० सेकंद. कधी लाल मिळतो आणि मग ५ सेकंद, ३७.२ सेकंद, ५९ सेकंद असा कितीही वेळ जाऊ शकतो.

या थांबण्याच्या वेळेला आपण W म्हणूया. W हा रँडम व्हेरिएबल आहे, मराठीत यादृच्छिक चल. पण तो थोडा विचित्र आहे. फासा टाकल्यावर मिळणाऱ्या आकड्यासारखा तो सुटा नाही, कारण ० ते ६० मधली कोणतीही किंमत येऊ शकते. आणि उंची किंवा वजनासारखा पूर्ण सलगही नाही, कारण बरोब्बर ० येण्याची शक्यता बरीच मोठी आहे. कॉलेजच्या पुस्तकात सुट्यांसाठी बेरजेचं सूत्र असतं, सलगांसाठी इंटिग्रलचं. इथे दोन्ही लागतात, आणि नेमकी तिथेच चूक होते.

आधी संभाव्यता नीट मांडूया

तुम्ही चक्रातल्या कोणत्याही क्षणी सारख्याच शक्यतेने पोहोचता असं धरू. ९० पैकी ३० सेकंद हिरवा, म्हणून W = ० असण्याची संभाव्यता १/३. ही एक तृतीयांश संभाव्यता एकाच बिंदूवर, शून्यावर, ढिगासारखी साचली आहे. याला पॉइंट मास म्हणतात.

उरलेली २/३ संभाव्यता ० ते ६० मध्ये सारखी पसरलेली आहे. लाल सुरू होताच पोहोचलात तर ६० सेकंद, संपता संपता पोहोचलात तर जवळपास ०, आणि मधलं सगळं सारख्याच शक्यतेचं. म्हणून या भागाची घनता, म्हणजे डेन्सिटी, १/९० आहे. १/६० नाही! पहिली गडबड इथेच होते. १/६० घेतलं तर पसरलेल्या भागाचीच बेरीज १ होते, वर शून्याचा १/३ मिळवला की एकूण १.३३. संभाव्यता १ च्या वर गेली की समजायचं, मांडणीतच चूक आहे. म्हणून पुढचं काहीही करण्याआधी ही एक बेरीज करून बघाच:

```
1/3 + 60 × (1/90) = 1/3 + 2/3 = 1
```

अपेक्षित मूल्य

अपेक्षित मूल्य म्हणजे खूप दिवस मोजलं तर येणारी सरासरी. शून्याचा भाग वेगळा, पसरलेला भाग वेगळा, मग दोन्हींची बेरीज:

```
E[W] = 0 × (1/3) + ∫₀⁶⁰ w × (1/90) dw
     = 0 + 3600/180
     = 20
```

सरासरी २० सेकंद. शून्याने बेरजेत काहीच भर घातली नाही, पण त्याचा परिणाम मात्र झाला आहे. तो नसता तर घनता १/६० झाली असती आणि उत्तर ३० आलं असतं.

हा ३० चा आकडा लक्षात ठेवा, कारण प्रत्यक्षात तो सहज पुढे येतो. फोनवर स्टॉपवॉच लावून महिनाभर सिग्नलची नोंद ठेवायचं ठरवलं, तर आपण स्टॉपवॉच कधी सुरू करतो? थांबल्यावर. हिरव्यातून सरळ निघून गेलो त्या दिवसाची नोंदच होत नाही. मग महिन्याची सरासरी ३० सेकंद निघते आणि ती चुकीची आहे असं वाटतही नाही. ओळखायची खूण सोपी आहे. नोंदींमध्ये शून्य किती आहेत ते मोजा. साधारण एक तृतीयांश नोंदी शून्य नसतील तर शून्य गळाले आहेत.

व्हेरियन्स: इथे शून्य गप्प बसत नाही

सरासरी २० आहे, पण रोजची वेळ त्यापासून किती लांब भरकटते, हे व्हेरियन्स सांगतो. सरासरीपासूनच्या अंतराचा वर्ग करायचा आणि त्याची सरासरी काढायची. सोपा रस्ता म्हणजे आधी W² ची सरासरी काढून तिच्यातून E[W] चा वर्ग वजा करणं:

```
E[W²]  = 0 + ∫₀⁶⁰ w² × (1/90) dw = 216000/270 = 800
Var(W) = 800 − 20² = 400
```

वर्गमूळ घेतलं की स्टँडर्ड डेव्हिएशन २० सेकंद. सरासरी २० आणि डेव्हिएशनही २०, म्हणजे हा वेळ भरपूर वरखाली होणारा आहे.

हे उत्तर बरोबर आहे, पण या रस्त्याने गेलं की शून्याची भूमिका दिसत नाही, म्हणून एकदा लांबच्या रस्त्याने जाऊया. शून्य ही किंमत सरासरीपासून २० ने दूर आहे. तिचा वाटा २०² × १/३, म्हणजे सुमारे १३३. पसरलेल्या भागाचा वाटा (w − २०)² × १/९० चं ० ते ६० इंटिग्रल, ते येतं सुमारे २६७. दोन्ही मिळून ४००. थोडक्यात, सरासरीच्या बेरजेत ज्या शून्याने एक पैसाही टाकला नाही, त्याने व्हेरियन्सचा तिसरा हिस्सा एकट्याने उचलला. "शून्यच तर आहे, सोडून द्या" हे सरासरीच्या बेरजेत चालून जातं, व्हेरियन्समध्ये नाही.

आता एक चूक जी दिसायला फार शहाणी वाटते. लाल मिळाला तर थांबण्याचा वेळ ० ते ६० मध्ये समान पसरलेला, त्याचा व्हेरियन्स ६०²/१२ = ३००. लाल मिळण्याची शक्यता २/३. मग उत्तर ३०० × २/३ = २००, झालं! सरासरीला हेच केलं तेव्हा ३० × २/३ = २० बरोबर आलं होतं, म्हणून इथेही चालेल असं वाटतं. चालत नाही. थांबण्याच्या वेळेत दोन प्रकारची अनिश्चितता आहे: लाल मिळाला तर किती वेळ, आणि मुळात लाल मिळेल की नाही. २०० मध्ये फक्त पहिली मोजली गेली. दुसरीचं सूत्रही छोटंसंच आहे. लाल मिळण्याची शक्यता p, लाल मिळाल्यावरची सरासरी m आणि व्हेरियन्स s² असेल तर:

```
E[W]   = p × m
Var(W) = p × s² + p × (1 − p) × m²
       = (2/3) × 300 + (2/3) × (1/3) × 900
       = 200 + 200 = 400
```

दोन्ही हिस्से अगदी सारखे निघाले हा आपल्या आकड्यांचा योगायोग. सूत्र मात्र सर्वसाधारण आहे. कोरडे दिवस धरून रोजचा पाऊस, किंवा बहुतेक ग्राहक क्लेम करतच नाहीत अशा विम्याची रक्कम, अशा ठिकाणीही ते जसंच्या तसं लागू पडतं. p जितका लहान, तितकी दुसऱ्या पदाची किंमत पहिल्याच्या तुलनेत मोठी.

फोनवरच तपासून बघा

पायथन चालवणारं कुठलंही ॲप असेल तर हे टाका:

```python
import random
n = 100000
w = []
for i in range(n):
    t = random.uniform(0, 90)
    w.append(60 - t if t < 60 else 0)
m = sum(w) / n
v = sum((x - m)**2 for x in w) / n
print(m, v, w.count(0) / n)
```

t म्हणजे चक्र सुरू झाल्यापासून किती सेकंदांनी तुम्ही पोहोचलात. तीन आकडे येतील: २० च्या जवळचा, ४०० च्या जवळचा (दोन-तीनने मागेपुढे) आणि ०.३३ च्या जवळचा. आता `else 0` वाल्या नोंदी यादीत घालूच नका आणि शेवटी n ऐवजी `len(w)` ने भागा. लगेच ३० आणि ३०० मिळतील. तेच ते विसराळू स्टॉपवॉच.

पाच सिग्नल आणि एक लोकल

घर ते स्टेशन असे पाच सिग्नल आहेत आणि ते एकमेकांशी संबंध नसलेले आहेत असं धरा. सरासऱ्यांची बेरीज १०० सेकंद. स्वतंत्र असल्यामुळे व्हेरियन्सचीही बेरीज होते: २०००. स्टँडर्ड डेव्हिएशन सुमारे ४५ सेकंद. (डेव्हिएशनची बेरीज करून १०० म्हणू नका, बेरीज व्हेरियन्सची होते.) सरासरीवर दोन डेव्हिएशन जास्त ठेवायची ठरवली तर सिग्नलसाठी सुमारे १९० सेकंद हाताशी हवेत. तेवढे ठेवले तर उशीर शंभरातून दोन-तीन वेळाच होईल.

चुकीचा २०० वापरला असता तर? एकूण व्हेरियन्स १०००, डेव्हिएशन सुमारे ३२, आणि आपण १६३ सेकंद ठेवले असते. फरक फक्त २७ सेकंदांचा, पण त्यात उशीर साधारण १२ दिवसांत एकदा होतो. आणि फलाटावर २७ सेकंद म्हणजे काय, हे ज्याची लोकल डोळ्यांदेखत सुटली आहे त्याला सांगायला नको.

यातलं "एकमेकांशी संबंध नसलेले" हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकाच रस्त्यावरचे सिग्नल बऱ्याचदा एकमेकांशी जुळवलेले असतात. एक हिरवा मिळाला की पुढचाही मिळतो, किंवा एक चुकला की सगळेच चुकतात. प्रत्येक सिग्नलची सरासरी २० असेल तर एकूण सरासरी तेव्हाही १०० च राहते, कारण सरासऱ्यांची बेरीज करायला स्वतंत्रता लागत नाही. व्हेरियन्स मात्र २००० राहत नाही. सगळे एकत्र चुकत असतील तर तो खूप वाढतो.

दुसरी मर्यादा रांगेची. गर्दीच्या वेळी हिरवा असतानाही पुढच्या गाड्या सुटेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून शून्यावरचा ढीग १/३ पेक्षा लहान होतो आणि ६० च्या पुढेही घनता पसरते. तेव्हा १/९० ची सपाट घनता सोडून द्यावी लागते. पण शून्य धरून ठेवलेल्या नोंदी असतील तर p, m आणि s² त्यांच्यातूनच काढता येतात, आणि वरचं सूत्र तेव्हाही तेच राहतं.