त्रिकोणाशेजारचा आयत

मक्तेदारीमुळे समाजाचं किती नुकसान होतं, हे अर्थशास्त्राची पुस्तकं आलेखावरच्या एका लहानशा त्रिकोणाने दाखवतात. १९६०च्या दशकातल्या आपल्या परवाना राजबद्दल वाचताना मला हा त्रिकोण फारच अपुरा वाटू लागला.

समजा, एक वस्तू १०० रुपयांत तयार होते, तेवढ्यालाच विकली जाते आणि तिचे १,००० नग खपतात. मग सरकार ती विकण्याचा परवाना एकालाच देतं. तो किंमत १५० करतो आणि खप ८०० वर येतो. ज्या २०० नगांची विक्री बुडाली, ते गिऱ्हाइकांना १०० ते १५० रुपयांच्या मोलाचे वाटत होते. म्हणजे नगामागे सरासरी २५ रुपयांचा फायदा गेला. एकूण ५,००० रुपये. हा झाला त्रिकोण.

उरलेल्या ८०० नगांवर परवानाधारकाला ५० रुपये जास्तीचे मिळतात, म्हणजे ४०,०००. आलेखावर हा आयत दिसतो. पुस्तकांच्या मते हे पैसे फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले.

१९६७ साली गॉर्डन टलक यांनी या हिशेबावर बोट ठेवलं. ४०,००० रुपये मिळणार असतील, तर ते मिळवण्यासाठीही लोक खर्च करणारच. सारखीच संधी असलेले दहा जण शर्यतीत असतील, तर प्रत्येकाला ४,००० पर्यंतचा खर्च परवडतो. परवाना एकालाच मिळतो, पण खर्च दहाही जणांचा होतो. आयत असा शर्यतीतच संपला, तर नुकसान ५,००० नव्हे, ४५,००० होतं.

या धडपडीला 'रेंट सीकिंग' हे नाव दिलं अ‍ॅन क्रूगर यांनी, १९७४च्या निबंधात. त्यांच्या अंदाजानुसार १९६४ साली भारतात सरकारी नियंत्रणांमुळे तयार झालेला असा आयता नफा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के होता. त्यातला सर्वांत मोठा वाटा आयात परवान्यांचा. कच्च्या मालाचा परवाना कारखान्याच्या क्षमतेच्या प्रमाणात मिळत असेल, तर आहेत ती यंत्रं रिकामी असतानाही मालक नवी बसवतो. माल वाढत नाही, फक्त परवान्यावरचा हक्क वाढतो. ते पोलाद आणि ती मजुरी वाया जाते.

लाचेचं गणित थोडं वेगळं आहे. लाच हातात पडली की ते पुन्हा खिशातून खिशातच जाणं झालं. पण ती खाता येईल अशी खुर्ची मिळवण्यासाठी माणसं वर्षानुवर्षं झटत असतील, तर तो वेळ वाया जातो.

अर्थात, दरवेळी आयत पूर्ण जळतोच असं नाही. परवाना मंत्र्यांच्या मेहुण्यालाच मिळणार हे सगळ्यांना ठाऊक असेल, तर शर्यतीत कुणी उतरतच नाही आणि खर्च कमी होतो. अन्याय मात्र तेवढाच राहतो. खुला लिलाव केला, तर तीच बोली सरकारी तिजोरीत जाते आणि आयत बराचसा वाचतो. पण किंमत १५०च राहते, त्यामुळे त्रिकोण तसाच उरतो.