गुणभाराचा तक्ता आणि भूमितीची उजळणी

पूर्वपरीक्षा आटोपली की शिक्षककक्षात एकच काम सुरू होतं. मागच्या पाच-सहा मार्चच्या प्रश्नपत्रिका काढायच्या, कोणत्या प्रकरणावर किती गुण आले ते मांडायचं, आणि जास्त गुणांचं प्रकरण वर, कमी गुणांचं खाली अशी उजळणीची टिपणं झेरॉक्सला धाडायची. हाच ‘आयएमपी’चा तक्ता. वेळ थोडा, पोर्शन मोठा, तेव्हा जिथे गुण तिथे कष्ट, हा त्यामागचा युक्तिवाद. तो आळशीपणाचा नाही, आणि त्याला उत्तरही मुद्द्यानंच द्यायला हवं.

दहावीचा गणित भाग २ घेऊ. चाळीस गुणांचा पेपर, सात प्रकरणं: समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. तक्ता या सातांना सात सुटे डबे समजतो. पण पुस्तकच तसं नाही. अंतराचं सूत्र म्हणजे अक्षांना समांतर भुजा काढून लावलेलं पायथागोरसचं प्रमेय. साइन वर्ग अधिक कोसाइन वर्ग बरोबर एक, हेही तेच. तीस अंशांचं साइन लहान-मोठ्या सगळ्या काटकोन त्रिकोणांत सारखं येतं, कारण ते त्रिकोण समरूप असतात. वर्तुळातल्या छेदणाऱ्या जीवांचं प्रमेयही समरूप त्रिकोणांवरच उभं आहे. म्हणजे पायथागोरसच्या खात्यावर तक्त्यात जे गुण दिसतात, ते फक्त त्या नावानं विचारलेल्या प्रश्नांचे. दुसऱ्या प्रकरणांच्या पोटात तो किती गुण अडवून बसला आहे, ते तक्त्यात येतच नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू. शंकूछेदाच्या दोन त्रिज्या १० सेमी आणि ४ सेमी, उंची ८ सेमी, वक्रपृष्ठफळ काढा. तिरकस उंची हवी. ती काढायला छेदाच्या आतला काटकोन त्रिकोण दिसावा लागतो. त्याची एक बाजू ८, दुसरी त्रिज्यांमधला फरक म्हणजे ६, म्हणून कर्ण १०. पुढे २२/७ × (१० + ४) × १० = ४४० चौसेमी. या प्रश्नात मुलं कुठे घसरतात? कुणी उंचीलाच तिरकस उंची धरतं आणि ८ नेच गुणतं. कुणी वजाबाकी विसरून ८ आणि १० चे वर्ग मिळवतं, आणि १६४ च्या वर्गमुळापाशी अडकतं. दोघांनाही वक्रपृष्ठफळाचं सूत्र बिनचूक पाठ असतं. तक्त्याप्रमाणे हे गुण महत्त्वमापनात गेले, म्हणून टिपणात पुन्हा सूत्रांची चौकट छापली जाते. मुलाला मात्र सूत्र नको होतं, तो त्रिकोण दाखवायला हवा होता.

आता पूर्वपक्षाचं दुसरं म्हणणं: गुणभार निदान वस्तुनिष्ठ आहे. तर पाहा, दरवर्षी येतं म्हणून एक विषय महत्त्वाचा ठरतो, आणि तीन वर्षं आला नाही, आता येणारच, म्हणून दुसरा! एकाच तक्त्यातून दोन्ही निष्कर्ष निघत असतील तर तो कसला पुरावा? शिवाय ‘कोणतेही दोन सोडवा’ असल्यामुळे छापलेले गुण आणि सोडवायचे गुण जुळत नाहीत. चार गुणांचा एक वैकल्पिक प्रश्न इकडचा तिकडे गेला की क्रमच फिरतो.

मग महत्त्व ठरवायचं कशावरून? आपल्याच वर्गाच्या पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांवरून. प्रत्येक चुकलेल्या उत्तरात पहिली चुकीची ओळ शोधायची, आणि ती पायरी ज्या प्रकरणाची, त्याच्या नावावर खूण करायची. प्रश्न कोणत्या प्रकरणाचा होता हे विसरायचं. वरच्या दोन्ही मुलांची खूण पायथागोरसवर पडेल. स्पर्शिकेच्या गणितात त्रिज्या ५, केंद्रापासून बिंदूचं अंतर १३, आणि मूल १२ पर्यंत पोचलं नाही, तर काटकोन दिसलाच नाही की दिसूनही कर्ण चुकीचा धरला, हे पाहायचं. पहिली खूण वर्तुळावर, दुसरी पायथागोरसवर. वीस-पंचवीस उत्तरपत्रिका झाल्या की क्रम आपोआप दिसू लागतो.

कुणी म्हणेल, असं मागे मागे जायचं तर पाढ्यांपर्यंत जाऊ. नाही. सीमा याच पुस्तकाची. आणि एका ठिकाणी पूर्वपक्ष खरा आहे: भौमितिक रचना. वर्तुळाला स्पर्शिका काढणं इतर प्रकरणांवर फारसं अवलंबून नाही आणि थोड्या सरावानं हाताला बसतं. काठावरच्या मुलासाठी परीक्षेला आठवडा उरला असेल तर आधी रचनाच घ्या. तिथे गुणांचा हिशेब चालतो.

बाकी वर्गासाठी मात्र टिपणाचं पहिलं पान समरूपता आणि पायथागोरस यांनाच द्यावं, आणि त्यावर सूत्रांऐवजी आकृत्या असाव्यात: शंकूछेदातला त्रिकोण, स्पर्शिका-त्रिज्येचा, जीवेवरच्या लंबाचा, दोन बिंदूंमधल्या अंतराचा. गुणभाराचा तक्ता मागच्या पानावर, तळाशी छापला तरी पुरे.