अंगठ्याशेजारचं नाव

हिवरे बाजारला अभ्यासासाठी जाणारा माणूस आधी टेकड्या बघतो. समतल चर मोजतो, विहिरींची पातळी विचारतो, आणि सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात शेती कशी टिकली याचं उत्तर मातीत शोधतो. मीही विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे माझी नजरही तिकडेच गेली असती. पण तुम्ही या गावावर प्रबंध लिहायचं ठरवत असाल तर एक वेगळा प्रश्न सोबत ठेवा. १९८९ नंतर पोपटराव पवार सरपंच असताना गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असं ठरवलं, आणि पुढे दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायला सुरुवात केली. हे सगळं ग्रामसभेतून झालं. आता एखादा शेतकरी म्हणाला, ‘मी त्या दिवशी सभेला नव्हतोच’, तर? त्याचं उत्तर टेकडीवर मिळत नाही, हजेरीच्या वहीत मिळतं. आणि त्याला लिहिता येत नसेल तर उत्तर एका निळ्या ठशात असतं.

ही वही आजची नाही. मराठेशाहीत गोतसभा बसायची, वतनाचा किंवा हद्दीचा तंटा ऐकायची आणि निवाड्याचा जो कागद करायची त्याला महजर म्हणत. ‘महजर’, ‘हाजिर’ आणि ‘हजेरी’ हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूचे आहेत, उपस्थित असण्याचे. कागदाच्या सुरुवातीला जमलेल्यांची नावं यायची, मग तंटा, मग निर्णय. ज्याला लिहिता येई तो ‘दस्तुर खुद्द’ म्हणून सही करी. बाकीच्यांची निशाणी असे. पाटलाची किंवा कुणब्याची निशाणी नांगर, सुताराची त्याच्या हत्याराची, न्हाव्याची आरसा.

इथे जरा थांबा. नांगराची निशाणी काय सांगते? धंदा सांगते, माणूस सांगत नाही. गावातल्या सगळ्या कुणब्यांचा नांगर सारखाच, आणि बरेचदा तो लेखकाच्याच हातचा. तो अमक्याचा आहे हे शेजारी लिहिलेल्या नावावरून आणि सभेत बसलेल्यांच्या आठवणीवरून कळायचं. म्हणजे ओळख पटवायचं काम चिन्ह करत नव्हतं, गोत करत होतं.

अंगठ्याचं बरोबर उलट आहे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्यासाठी खडी पुरवण्याच्या करारावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पूर्ण पंजाचा ठसा घेतला. हेतू साधा होता, पुढे त्याने ‘ही सही माझी नाही’ म्हणू नये. १८७७ मध्ये हुगळीला असताना हर्शेलने पेन्शन आणि दस्तनोंदणीसाठी बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. १८९७ च्या कायद्याने, ज्याला नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत ‘सही’ या शब्दात ‘निशाणी’ धरली. १८९९ मध्ये पुरावा कायद्यात दुरुस्ती होऊन न्यायालयाला बोटांचे ठसेही ताडून बघता येऊ लागले.

ठसा माणूस सांगतो, पण कोणता ते सांगत नाही. वहीत नुसता अंगठा असेल आणि शेजारी नाव नसेल, तर तुलनेसाठी दुसरा नमुना हातात येईपर्यंत तो मुका असतो. म्हणून आपल्याकडे ठशाभोवती ‘निशाणी डावा अंगठा’ असं लिहून पूर्ण नाव घालतात, आणि ते नाव लिहिणारा किंवा ओळखणारा खाली साक्षीची सही करतो. मृत्युपत्राला तर कायदाच किमान दोन साक्षीदार मागतो, आणि त्यांनी सही किंवा निशाणी करताना पाहिलेलं असावं लागतं किंवा करणाऱ्याने तशी कबुली त्यांच्यापाशी दिलेली असावी लागते. हजेरीच्या रकान्यातल्या साक्षीचं कामही हेच. गोताची आठवण आता एका सहीत मावते.

हे किती नाजूक आहे ते आकड्यात बघू. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. एक कल्पित गाव घ्या, मतदार ६४०. पंधरा टक्के म्हणजे ९६. वहीत १०१ नोंदी आहेत, ७० सह्या आणि ३१ अंगठे. सभा वैध, असं वरवर वाटतं. आता अंगठे नीट बघा. चार ठशांशेजारी नावच नाही. दोन ठिकाणी नाव आहे, पण ठसा म्हणजे शाईचा नुसता डाग, रेषा दिसत नाहीत, आणि साक्षही नाही. हे सहा वजा केले की उरतात ९५. गणपूर्ती गेली, आणि त्या दिवशीचा ठराव आव्हानासाठी उघडा पडला. गंमत अशी की गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्ती लागत नाही. त्यामुळे वहीत कमी नावांचं पान दिसलं तर लगेच ‘सभा बेकायदा’ असं टिपण करू नका. आधी मागचं पान उलटून बघा.

ठसा बिघडतो कसा? बहुतेक वेळा जास्त शाईने. स्टॅम्प पॅडवर अंगठा दाबून धरला की रेषांमधली जागाही भरते. अंगठा नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलकेच फिरवायचा असतो, पण सभेच्या दारात रांग लागलेली असताना कोण फिरवतो! शिवाय आयुष्यभर खुरपं आणि दगड हाताळलेल्या माणसाच्या रेषा झिजलेल्याच असतात. साधं भिंग घेतलं तरी हे कळतं: शंख, चक्र किंवा कमान ओळखता येत असेल तर ठसा कामाचा.

लबाडीही कळते, पण तिच्यासाठी पूर्ण पान बघावं लागतं. वही नंतर घरोघर फिरवली असेल तर एकाच घरातली नावं सलग येतात आणि सगळ्यांना साक्षीदार एकच. कोऱ्या पानावर आधी अंगठे घेऊन ठराव मागाहून लिहिला असेल तर शेवटच्या ओळी आक्रसतात, अक्षर ठशांना चुकवत वळतं. आणि जिथे अक्षराची रेघ ठशावरून जाते तिथे शाई वर आहे की खाली, हा प्रश्न विचारता येतो. त्याचं उत्तर मात्र डोळ्यांनी देऊ नका. ते काम दस्तऐवज तपासणाऱ्या तज्ज्ञाचं आहे.

शेवटी माझीच चूक सांगतो, कारण तुम्हीही ती कराल. एका गावच्या जुन्या वह्यांमधले अंगठे मोजून मी निरक्षरतेचा आलेख काढला होता. कल्पना माझी नव्हतीच. इंग्लंडमध्ये १७५४ पासून विवाहनोंदीत वधूवरांची सही किंवा खूण घेत, आणि तिथल्या इतिहासकारांनी त्यावरून साक्षरता मोजली आहे. माझा आलेख छान उतरत होता. मग लक्षात आलं की एकच बाई एका सभेला अंगठा देते, पुढच्या सभेला सही करते आणि तिसरीला पुन्हा अंगठा. ती लिहायला शिकून विसरली नव्हती. एका आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “सही येती रे बाळा, पण मागं रांग असली की हात थरथरतो. अंगठा झटक्यात हुतो.” आलेख काढून टाकला, आणि प्रत्येक नावापुढे तीन रकाने केले: निशाणी, सही, आणि नाव कोणी लिहिलं. तिसरा रकाना भरायला सर्वात जास्त वेळ लागला, कारण त्यासाठी आधी गावातली चार-पाच अक्षरं ओळखायला शिकावं लागलं.