परदेशी नोकरभरती परवान्याची पडताळणी

उत्प्रवासन अधिनियम, १९८३ नुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या संस्थेस परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतील उत्प्रवासी महासंरक्षकांकडे नोंदणी बंधनकारक आहे. परभणी जिल्ह्यातील उमेदवारास emigrate.gov.in या संकेतस्थळावर ही नोंदणी चालू आहे, निलंबित आहे की तिची मुदत संपली आहे, हे पाहता येते. दाखवलेला क्रमांक खरा, पण दुसऱ्याच संस्थेचा असू शकतो. म्हणून नाव व पत्ताही जुळवावा लागतो आणि नोंदीतील दूरध्वनीवरच चौकशी करावी लागते. नोंद मुंबईच्या कार्यालयाची असल्यास तिच्या नावाने परभणीत पैसे मागणारा नोंदणीविना उपदलाल वैध ठरत नाही. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक वस्तू व सेवा कर अशी आहे.

परदेशी मालकाच्या अस्तित्वाची खातरजमा त्या देशातील भारतीय दूतावासाकडे करता येते. मागणीपत्र, करार व व्हिसा यांवर मालकाचे नाव वेगवेगळे असणे किंवा नोकरीसाठी पर्यटक व्हिसा मिळणे ही फसवणुकीची ठळक खूण होय.