देशावरचे ऊन आणि मुलाच्या अंगावरचे ऊन

दीड वर्षाच्या मुलाचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसले, तरी तेवढ्यावरून मुडदूस ठरत नाही. नुकत्याच चालू लागलेल्या पुष्कळ मुलांचे पाय या वयात थोडे वाकलेलेच असतात आणि पुढे आपोआप सरळ होतात. खरा निवाडा गुडघ्याच्या व मनगटाच्या एक्स-रेवर होतो. वाढत्या हाडाच्या टोकापाशी कूर्चेची एक पातळ चकती असते. तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी तेथे वाढते. कूर्चेत क्षार बसत नाहीत तोवर ती एक्स-रेवर काळी फट म्हणून दिसते. मुडदुसात क्षार बसणेच थांबते, कूर्चा साचत जाते आणि फट रुंदावते. शेजारचे हाडाचे टोक पेल्यासारखे खोलगट व पसरट होते आणि त्याची कडा जीर्ण कापडासारखी विसविशीत दिसते.

हे क्षार बसण्यासाठी लागणारे ड जीवनसत्त्व त्वचा सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून तयार करते. मग उन्हाच्या भारतात मुडदूस का व्हावा, या प्रश्नाला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे.

जपानमध्ये मिशनरी डॉक्टर म्हणून काम केलेले थिओबाल्ड पाम इंग्लंडला परतले, तेव्हा तेथील मुलांत त्यांना मुडदूस सर्रास दिसू लागला. त्यांनी पूर्वेकडील देशांत काम करणाऱ्या डॉक्टरांकडून माहिती मागवली. जपान, चीन, भारत येथे आहार निकृष्ट असूनही हा विकार विरळ असल्याचे त्यांना आढळले. कारण आहार नसून उन्हाचा अभाव आहे, असे त्यांनी 1890 साली मांडले. त्या काळी या मताकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

पुरावा मिळाला तो बर्लिनमध्ये. पहिले महायुद्ध संपले त्या हिवाळ्यात, 1918-19 मध्ये, डॉ. कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या चार मुलांवर पाऱ्याच्या बाष्पाच्या क्वार्ट्झ दिव्याचा प्रकाश टाकला आणि एक्स-रे काढून हाडांवर लक्ष ठेवले. हाडांच्या टोकांशी पुन्हा क्षार साठताना दिसले. पुढे त्यांनी एकाच हातावर प्रकाश टाकून पाहिले; सुधारणा दोन्ही हातांत झाली. म्हणजे प्रकाशाने त्वचेत काहीतरी तयार होत होते आणि ते रक्तावाटे सर्व शरीरात पोहोचत होते.

यानंतर भारतातून आलेल्या एका अभ्यासाने पामच्या निष्कर्षाला नवी धार दिली. हचिसन आणि शाह यांनी नाशिक परिसरातील मुलांची पाहणी करून 1922 साली ती प्रसिद्ध केली. आहार बेताचाच, पण आयुष्य उघड्यावर गेलेले, अशा गरीब घरांत मुडदूस क्वचित आढळला. पडदा पाळणाऱ्या सुस्थितीतील घरांत मात्र खाणेपिणे बरे असूनही तो पुष्कळ होता. तेथे तान्ही मुले आईबरोबर महिनोन्महिने अंधाऱ्या खोलीत राहत. नाशिकचे ऊन दोघांच्याही छपरावर सारखेच होते. अंगावर मात्र ते सारखे पडत नव्हते.

पडद्याची जागा पुढे धुरक्यानेही घेतली. दिल्लीच्या गजबजलेल्या मोरी गेट भागातील आणि तुलनेने स्वच्छ हवेच्या गुडगावमधील 9 ते 24 महिन्यांच्या मुलांची तुलना 2002 साली प्रसिद्ध झाली. मोरी गेटच्या जमिनीपर्यंत अतिनील किरण कमी पोहोचत होते. तेथील मुलांच्या रक्तातील ड जीवनसत्त्व सरासरी 12 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास होते. गुडगावमध्ये ते 27 होते.

तरीही प्रत्येक रुंदावलेल्या ग्रोथ प्लेटचा दोष उन्हाच्या अभावाला देता येत नाही. आहारात कॅल्शियम फार कमी असेल, तरी एक्स-रे असाच दिसतो, आणि दूधदुभते न मिळणाऱ्या भारतीय मुलांत हे कारण महत्त्वाचे आहे. म्हणून रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज व ड जीवनसत्त्व तपासले जाते. वर्षावरील मुलाला उपचारात रोज 3000 ते 6000 युनिट ड जीवनसत्त्व किमान तीन महिने देतात, आणि सोबत आहार व औषध मिळून किमान 500 मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जाईल असे पाहतात.

उपचार लागू पडल्याची खूणही एक्स-रेच देतो. काही आठवड्यांत रुंद फटीच्या काठाशी एक पांढरी रेघ उमटते: क्षार पुन्हा बसू लागलेले असतात. वाकलेले पाय सरळ व्हायला मात्र कितीतरी अधिक काळ लागतो. तीन महिन्यांनंतरही रेघ उमटली नाही, तर औषध नीट दिले गेले का हे आधी पाहावे लागते. ते दिले गेले असेल, तर मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून जाण्यासारख्या वेगळ्या विकाराचा शोध घ्यावा लागतो. त्या विकारावर कितीही ऊन पुरेसे पडत नाही.