सातबारा उतारा (वडोदरा-अकोटा परिसर)

गाव नमुना 7 (हक्क) आणि 12 (पीक) यांचा एकत्र उतारा. मुंबई इलाख्याच्या 1879 च्या जमीन महसूल कायद्याचा वारसा महाराष्ट्र आणि गुजरात दोघांकडेही असल्याने गुजराती उताऱ्याचा सांगाडा मराठी माणसाला ओळखीचा वाटतो. अकोटा आता शहरात मोडते. शहर सर्वेक्षण झालेल्या जागेसाठी प्रॉपर्टी कार्ड पाहावे लागते. पुढील विवेचन शहराबाहेरच्या शेतजमिनीचे आहे.

दलालाने मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत असे दिसते, समजा: क्षेत्र 0-40-47, म्हणजे 40 आर 47 चौरस मीटर, सुमारे एक एकर. खातेदार म्हणून दोन भाऊ आणि त्यांची बहीण. विक्रीची बोलणी मात्र थोरला भाऊ एकटाच करतो. नावांशेजारी फेरफार क्रमांक असतो, आणि खरी गोष्ट तिथे दडलेली असते. त्या क्रमांकाची नोंद नमुना 6 मध्ये, म्हणजे हक्कपत्रकात, उघडून वाचावी: वारसाने आली, खरेदीने की वाटणीने? नोंद प्रमाणित आहे की तकरारी? इथे नोंद वारसाची निघाली आणि वाटणी झालेलीच नसेल, तर बहिणीच्या सहीवाचून व्यवहार अपुरा. शिवाय महसुली नोंद हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. त्यासाठी मूळ दस्त पाहावे लागतात.

सत्ताप्रकाराच्या रकान्यात ‘जुनी शरत’ असेल तर बरे. ‘नवी शरत’ किंवा गणोत धारा कलम 43 चा उल्लेख असेल, तर परवानगी आणि प्रीमियमचा प्रश्न उभा राहतो. फोटोत नेमका हाच कोपरा घडीखाली गेलेला असेल, तर तो योगायोग मानू नये.

‘बोजा व इतर हक्क’ या भागात बँकेचे पीककर्ज दिसते. कर्ज फिटले असे तोंडी सांगितले जाते, पण बोजा कमी केल्याची वेगळी नोंद होईपर्यंत तो कायम धरावा. उलट, रकाना कोरा म्हणजे जमीन मोकळी, असेही नाही: उताऱ्यात नोंद न झालेले गहाण किंवा साठेखत इथे दिसत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे शोध घ्यावा लागतो.

नमुना 12 वर घाईत कुणी नजर टाकत नाही. तीन वर्षे ‘पडतर’ आणि शेतात मात्र उभा कापूस, असा विसंवाद दिसला की कसतो कोण, हे शेजाऱ्यांना विचारावे; कसणारा कुळहक्क सांगू शकतो. गुजरातेत शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही (गणोत धारा, कलम 63), हेही विसार देण्याआधी तपासावे.

फोटो संपादित किंवा जुना असू शकतो. त्यातला तालुका, गाव आणि ब्लॉक क्रमांक AnyROR वर घालून ताजी नोंद पाहावी आणि व्यवहारासाठी ई-धरा केंद्रातून सही-शिक्क्याची प्रत घ्यावी.